नोटीस वहीतली निवडणूक

जुलै संपत आला की आमच्या शाळेत शिपाईमामा एका सकाळी नोटीस वही घेऊन वर्गावर्गांतून फिरायचे. तास थांबायचा, बाई वही हातात घेऊन नोटीस वाचून दाखवायच्या, खाली सही करायच्या आणि वही पुढच्या वर्गात जायची. सुट्टीची नोटीस दोन ओळींची असे, फीची चार ओळींची. ही मात्र वहीची पाठपोट दोन पानं भरून असायची, आणि ती वाचून होईपर्यंत वर्गात कोणी चुळबुळसुद्धा करत नसे. 'शालेय मंत्रिमंडळाची निवडणूक ऑगस्टच्या पहिल्या शनिवारी होईल. इयत्ता पाचवी ते दहावीचे सर्व विद्यार्थी मतदार आहेत,' अशी ती सुरू व्हायची.

देवगड तालुक्यातल्या आमच्या किनाऱ्यावरच्या शाळेत तारीख ठरवतानाच पहिली अक्कल वापरावी लागे. जुलैत भाताची लावणी असते. निम्मी मुलं शेतात, गुडघाभर चिखलात. पुढे नारळी पौर्णिमा झाली की होड्या पाण्यात जातात आणि मच्छीमारांच्या घरांतले हात गुंततात. म्हणून लावणी उरकल्यावर आणि होड्या सुटण्याआधी असा जो मधला शनिवार सापडेल, तो आमचा. एका मुलाने सरांना विचारलं होतं, निवडणूक जुलैमध्येच का घेत नाही? सर म्हणाले, ज्या दिवशी मतदारच येऊ शकत नाहीत, तो दिवस निवडणुकीचा नव्हे.

नोटीस लिहायचे नागरिकशास्त्राचे सर. लोकसभा, विधानसभा, जिल्हा परिषद अशा प्रत्येक निवडणुकीत त्यांची ड्युटी लागायची. आमचा जिल्हा तेव्हा राजापूर मतदारसंघात. बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर मधु दंडवते यांना दिल्लीला पाठवणारा हा मतदारसंघ, त्यामुळे गावात राजकारणाच्या गप्पा भरपूर. सर मात्र कोण जिंकलं यापेक्षा केंद्रावर काम कसं चाललं, हेच सांगत बसायचे. त्यांना केंद्राध्यक्षांची हस्तपुस्तिका जवळजवळ पाठ होती. नोटीस तिच्यातूनच उतरलेली असे, फक्त आमच्या मापाची केलेली.

केंद्राध्यक्ष दहावीतला. त्याने सकाळी रिकामी पेटी सगळ्यांना उघडून दाखवायची आणि मग कागदाची पट्टी चिकटवून बंद करायची. पहिला मतदान अधिकारी यादी घेऊन बसे. मतदार आला की त्याने यादीतला क्रमांक आणि नाव मोठ्याने वाचायचं. मोठ्याने अशासाठी, की बाजूच्या बाकावर बसलेल्या उमेदवारांच्या प्रतिनिधींनी ऐकावं आणि माणूस तोच नसेल तर हरकत घ्यावी. दुसरा अधिकारी वहीत सही घेऊन डाव्या हाताच्या तर्जनीला शाई लावी. या शाईबद्दल नोटिशीत एक खास ओळ होती: 'बिब्बा किंवा काजूच्या टरफलाचे तेल कोणीही आणू नये.' खऱ्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं, म्हणून ती दिवसचे दिवस टिकते. ती शाळेला कुठून मिळणार? धोबी कपड्यांवर बिब्ब्याने खूण करतात हे ठाऊक असलेल्या कोणीतरी बिब्बा सुचवला होता. कातडीवर त्याचे फोड येतात, काजूच्या तेलाचेही येतात. तेव्हा आमची शाई साधी स्टॅम्पपॅडची. संध्याकाळी आंघोळीला गेलं की निम्मी उतरायची.

तिसरा अधिकारी मतपत्रिका देई आणि ती घडी घालून दाखवी. आठवीत असताना हे काम माझ्याकडे होतं. आधी उभी घडी, मग आडवी. मतपत्रिकेवर चिन्हं एकाखाली एक असतात: होडी, नारळ, छत्री. आधी आडवी घडी घातली, तर होडीवरची ओली शाई खालच्या छत्रीवर उमटते आणि मत कोणाला, हेच कळेनासं होतं. उभ्या घडीत ती त्याच ओळीत दुसऱ्या बाजूला उमटते, मत शाबूत राहतं. तरीही कोणी घाईत उलटी घडी घालायचंच. आमच्या आधीच्या वर्षांत शिक्का म्हणून बाटलीचं बूच वापरायचे. गोल ठसा आणि त्याचा आरसा सारखाच दिसतो, म्हणून मोजणीत भांडणं व्हायची. मग सरांनी जुन्या चपलेच्या तळव्यातून एक शिक्का कोरला, टोकं एकाच दिशेला वळलेल्या फुलीसारखा. घडीमुळे उमटलेल्या ठशात ती टोकं उलट्या दिशेला वळतात. मूळ ठसा कुठला आणि उमटलेला कुठला, हे एका नजरेत कळतं. निवडणूक आयोगाचा फुलीचा शिक्काही याच कारणाने तसा असतो.

पण मला त्या नोटिशीतलं जे कलम आजही शब्दाशब्दाने आठवतं, ते प्रदत्त मताचं. 'मतदार आला असता त्याच्या नावावर आधीच मतदान झालेले आढळल्यास, केंद्राध्यक्षाने प्रश्न विचारून खात्री करावी. खात्री पटल्यास त्यास वेगळी मतपत्रिका द्यावी. ती पेटीत न टाकता पाकिटात ठेवून पाकीट मोहोरबंद करावे. मोजणीच्या वेळी हे पाकीट उघडू नये.' दरवर्षी हे कलम वाचलं जायचं आणि दरवर्षी कोणाला त्याचं काही वाटायचं नाही. त्या वर्षी मात्र ते लागलं.

सातवीत दोन मुली होत्या, नाव आणि आडनाव अगदी एकच. वडिलांची नावं वेगळी, वाड्या वेगळ्या. एक सकाळी पहिल्या रांगेतच मत देऊन एसटीने घरी गेली. दुसरी साडेदहाच्या सुमाराला आली. पहिल्या अधिकाऱ्याने यादी बघितली. तिच्या नावापुढे खूण झालेली.

"तुझा मतदान झाला," तो म्हणाला.

"मी आताच इलंय. माझा बोट बघ, शाय खंय आसा?"

बोट खरंच कोरं होतं. यादीत तिच्या खालच्याच ओळीत तेच नाव पुन्हा होतं आणि त्याच्यापुढे खूण नव्हती. म्हणजे सकाळी चुकीच्या ओळीवर खूण झाली असावी, हे आम्हाला सगळ्यांना दिसत होतं. पण सिद्ध कसं करणार? वहीत सही होती, पण नाव-आडनावाची, आणि ती दोघींचीही तीच. सकाळी मत दिलेली मुलगी घरी पोहोचलेली. केंद्राध्यक्षाने सरांकडे बघितलं. सर दारात उभे होते, पण आत आले नाहीत. "नोटीस वाच," एवढंच म्हणाले.

त्याने नोटीस वाचली. तिला वडिलांचं नाव, हजेरी क्रमांक, बाकावर शेजारी कोण बसतं, असं विचारलं. वेगळी मतपत्रिका दिली. तिने आडोशाला जाऊन शिक्का मारला, मी तिला घडी दाखवली आणि पाकीट लाखेने बंद झालं. ती रडवेली झाली होती. आपलं मत पेटीत पडलं नाही, हे तिला खुपत होतं.

दुपारी मोजणी झाली. पेटीत 233 मतपत्रिका निघाल्या, वहीतल्या सह्याही 233. होडी 94, नारळ 93, छत्री 41, बाद 5. होडी एका मताने आली.

मग जो गलका झाला, तो कौलांपर्यंत गेला असेल. नारळवाले म्हणाले, पाकीट फोडा. होडीवाले म्हणाले, नोटिशीत लिहिलंय, फोडायचं नाही. सर टेबलावरून उठले नाहीत. "मोजणीच्या टेबलावर हे पाकीट फुटत नाही," ते म्हणाले. "सकाळी कोण जिंकणार हे कोणालाच माहीत नव्हतं, तेव्हा हा नियम सगळ्यांना मान्य होता. आता निकाल बघून तो मोडता येणार नाही. हरकत असेल तर मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज करा."

नारळाच्या उमेदवाराने खरोखर अर्ज लिहिला. सोमवारी मधल्या सुट्टीत मुख्याध्यापकांच्या खोलीत सुनावणी झाली. दोन्ही मुलींना बोलावलं. सकाळी मत दिलेलीने सांगितलं, हो, मीच आधी आले होते, माझं नाव वाचलं तेव्हा वडिलांचं नाव कोणी घेतलं नाही. म्हणजे कोणी दोनदा मत दिलं नव्हतं, फक्त खूण चुकली होती. दुसरीचं मत खरं ठरलं.

आता पाकीट उघडायला हरकत नव्हती, पण अडचण वेगळीच निघाली. पेटीतलं मत कोणाचं, हे कोणाला कळत नाही. या पाकिटात मात्र एकाच मुलीची मतपत्रिका होती. ती सगळ्यांसमोर उघडली, तर तिने कोणाला मत दिलं हे अख्ख्या शाळेला कळणार. नोटिशीत दुसरं एक कलम होतं: 'मत कोणास दिले हे सांगण्याची सक्ती कोणीही, वर्गशिक्षकांनीही, करू नये.' मुख्याध्यापकांनी सगळ्यांना बाहेर काढलं, दार लावून एकट्यानेच पाकीट बघितलं आणि बाहेर येऊन दोन शब्द सांगितले, "निकाल कायम." नारळाला मत असतं तर बरोबरी होऊन चिठ्ठी टाकावी लागली असती, खऱ्या निवडणुकीत टाकतात तशी. ते नव्हतं, एवढंच आम्हाला कळलं. होडीला होतं की छत्रीला, हे त्यांनी कधी सांगितलं नाही, आणि सरांच्या धाकाने त्या मुलीलाही कोणी विचारलं नाही.

पुढे 2008 साली राजस्थानात नाथद्वारा मतदारसंघात सी. पी. जोशी विधानसभेची निवडणूक एका मताने हरले आणि प्रदत्त मतांचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. पेपरात ते वाचताना माझ्या डोळ्यांपुढे आमचं लाखेचं पाकीट होतं. तिथेही मोजणीच्या टेबलावर प्रदत्त मतं मोजत नाहीत. ती बघायची की नाही, हे निवडणूक याचिकेत न्यायालय ठरवतं. सरांनी आमच्यासाठी मुख्याध्यापकांचं उच्च न्यायालय केलं होतं.

पुढच्या वर्षीच्या नोटिशीत तीन वाक्यं वाढली. पहिल्या अधिकाऱ्याने वडिलांच्या नावासह पूर्ण नाव वाचावे. प्रतिनिधींना ऐकायला वेळ देऊन मगच खूण करावी. सही पूर्ण नावाची घ्यावी. नोटीस वाचताना बाई त्या ओळींपाशी थांबल्या आणि आठवीत गेलेल्या त्या दोघी एकमेकींकडे बघून हसल्या.

आता शाळेत मोबाइलवर मतदान यंत्र चालवतात. बटण दाबलं की 'बीप' होतो, पाचवीच्या मुलांना तो आवाज फार आवडतो. गेल्या खेपेस गेलो तेव्हा नव्या बाईंनी मला नोटीस दाखवली. शिक्का गेला, घडी गेली, पेटी गेली. प्रदत्त मताचं कलम तसंच होतं, कारण त्यासाठी यंत्र चालत नाही. खऱ्या केंद्रावरही यंत्र असलं, तरी प्रदत्त मत कागदाच्या मतपत्रिकेवरच देतात. बाईंनी त्यासाठी पाच कोऱ्या मतपत्रिका आणि एक पाकीट टेबलाच्या खणात वेगळं काढून ठेवलं होतं.