तुम्ही विचारलंत म्हणून: जे घडलं ते घडणारच होतं का?

“‘शक्य’ आणि ‘अटळ’ यांचा अर्थ सांगायला मध्ये काल्पनिक जगं कशाला आणायची? आपलं एक जग पुरत नाही का?”

नाही पुरत, आणि का ते साध्या फाशावर दाखवता येतं. समजा फासा टाकला आणि चार आला. आता दोन वाक्यं घ्या: ‘आकडा सम आहे’ आणि ‘आकडा सातपेक्षा लहान आहे’. दोन्ही खरी आहेत. तरी पहिलं खोटं ठरू शकलं असतं आणि दुसरं ठरू शकलं नसतं, हे आपल्याला स्वच्छ कळतं. हा फरक आपल्या एका जगात कुठेच सापडत नाही, कारण इथे दोन्ही वाक्यं सारखीच खरी आहेत. तो दिसायला फासा दुसऱ्या बाजूंवर पडला असता तर काय, हेही मांडावं लागतं.

म्हणून सहा जगं मांडू, प्रत्येक आकड्याचं एक. इथे ‘जग’ म्हणजे गोष्टी कशा असू शकल्या असत्या याची एक पूर्ण मांडणी. त्यात प्रत्येक वाक्य खरं तरी असतं किंवा खोटं तरी. जे वाक्य सगळ्या जगांत खरं ते अटळ, आणि जे निदान एका जगात खरं ते शक्य. ‘सातपेक्षा लहान’ सहाही जगांत खरं आहे. ‘सम’ फक्त दोन, चार आणि सहाच्या जगांत खरं, म्हणजे शक्य आहे, पण अटळ नाही.

एवढ्यासाठी जगं कशाला, असं अजूनही वाटेल. पण मला त्यांचं मोल पटलं ते पुढच्या युक्तिवादामुळे. ‘चार आला असेल तर आकडा सम असणारच. चार आला आहे. म्हणजे आकडा सम असणं अटळच होतं.’ दोन्ही विधानं बरोबर वाटतात आणि निष्कर्ष सरळ खोटा आहे, कारण एक किंवा तीनही येऊ शकला असता. मग चूक शिरली कुठून?

तर्कशास्त्रात अटळपणाला □ हे चिन्ह आहे आणि ‘जर–तर’ला →. p म्हणजे ‘चार आला’ आणि q म्हणजे ‘आकडा सम आहे’ असं धरलं, तर पहिल्या वाक्याचे दोन अर्थ होतात:

□(p → q)
p → □q

पहिला अर्थ सहाही जगांत तपासा. चारच्या जगात p आणि q दोन्ही खरे. बाकी पाच जगांत p खोटाच, त्यामुळे ‘जर–तर’ मोडत नाही. म्हणजे हा अर्थ खरा. आता चारच्या जगात उभं राहून दुसरा अर्थ तपासा. इथे p खरा आहे, पण □q खरा व्हायला q सहाही जगांत खरा हवा, आणि एकच्या जगात तो खोटा आहे. म्हणजे दुसरा अर्थ खोटा. पहिल्यात ‘असणारच’चं बळ त्या दोन गोष्टींमधल्या नात्याला आहे, दुसऱ्यात ते एकट्या निष्कर्षावर टाकलेलं आहे. युक्तिवाद पहिल्या अर्थाच्या जोरावर पटतो आणि गुपचूप दुसरा वापरतो.

‘जे घडणार आहे ते घडणारच, मग प्रयत्न कशाला?’ यातही नेमकं हेच होतं. □(p → p) निर्विवाद खरं आहे, पण त्यातून p → □p निघत नाही. दैववादाच्या बाजूने दुसरी कारणं कोणी देऊ शकेल, पण या वाक्यातून तो सिद्ध होत नाही, हे मी अगदी ठामपणे म्हणते.

एक प्रश्न उरतो: मोजायची जगं कोणती? फासा पडलाय, पण वाटीखाली झाकलेला आहे, आणि ज्याने पाहिलं त्याने फक्त ‘सम आहे’ एवढं सांगितलं. आता मला जे माहीत आहे त्याच्याशी जुळणारी तीनच जगं उरली. ‘तीन असू शकेल’ हे आता खोटं, पण ‘तीन येऊ शकला असता’ हे अजूनही खरं. दोन्ही वाक्यं शक्यतेचीच आहेत, फक्त वेगवेगळ्या जगांकडे पाहतात. एका जगातून कोणती जगं विचारात घ्यायची हे ठरवणारं नातं तर्कशास्त्रज्ञ सॉल क्रिपके यांनी 1963 मधल्या लेखात नीट मांडलं, आणि त्या नात्याच्या घडणीवरच नियम बदलतात. प्रत्येक जगातून ते स्वतःही विचारात येत असेल, तर ‘अटळ म्हणजे खरंच’ हा नियम लागू होतो. कर्तव्याच्या बाबतीत, म्हणजे ‘अटळ’च्या जागी ‘केलंच पाहिजे’ घेतलं तर, तो लागू होत नाही: लाल दिव्यावर गाडी थांबलीच पाहिजे, तरी कधी कधी ती थांबत नाही, कारण तिथे सगळे नियम पाळले जातात अशीच जगं मोजायची असतात आणि आपलं जग त्यांत बसत नाही.

ही जगं कुठेतरी खरोखर आहेत का? डेव्हिड लुईस या तत्त्वज्ञाने ‘हो’ म्हटलं. त्याच्या मते ती आपल्या जगाइतकीच खरी आहेत. मला ते पटत नाही. क्रिपके यांचं म्हणणं होतं की शक्य जगं आपण दुर्बिणीतून शोधत नाही, ठरवतो. वरची सहा जगंही मी तशीच ठरवली, आणि युक्तिवादातली चूक पकडायला तेवढी पुरली.