गाडी आजची, कोलंबी कधीची?

आखाडातला शेवटचा रविवार, घरात आठ माणसं जेवायला, आणि कढईतली कोलंबी पाण्यात पोहत होती. ते पाणी मी घातलेलं नव्हतं. मोठा गॅस करून आटवायला गेले, तर कोलंबी आक्रसून करंदीएवढी झाली. चावली तर बाहेरून रबर, आतून पिठूळ. नवऱ्याने भात कालवत "मसाला छान झालाय" एवढंच म्हटलं. आमच्याकडे याचा अर्थ काय होतो ते मला ठाऊक आहे.

राग कोलंबीवाल्यापेक्षा स्वतःवर जास्त होता. मी अलिबागची. लहानपणी आईबरोबर वाटे बघत फिरलेली. पण पुण्याच्या मंडईत त्या दिवशी गर्दी होती आणि मी एकच प्रश्न विचारला, "दादा, ताजी आहे ना?" तो म्हणाला, "ताई, आज पहाटेच गाडी आली." गाडी खरंच पहाटे आली असणार. ती कोलंबी त्याआधी किती दिवस कुठे होती हे मी विचारलं नाही, आणि त्याने सांगितलं नाही.

१ जून ते ३१ जुलै आपल्याकडे यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. त्या दिवसांत मोठाली समुद्राची कोलंबी "ताजी" म्हणून ढिगाने दिसली, तर ती बहुतेक शीतगृहातली. तळ्यात वाढवलेली वनामी मात्र पावसाळ्यातही ताजी मिळू शकते. शीतगृहातली घेण्यातही काही वाईट नाही. घोटाळा पुढे होतो. सकाळी ठोकळा वितळवून बर्फावर मांडायचा, संध्याकाळी उरलेला पुन्हा फ्रीजरमध्ये, दुसऱ्या दिवशी पुन्हा बर्फावर. अशी दोन-तीनदा गोठून सुटलेली कोलंबी माझ्या कढईत आली होती.

हे मला तेव्हा नुसतं वाटत होतं. ऑगस्टमध्ये माहेरी गेले तेव्हा खुमखुमी जिरवायचं ठरवलं. आईच्या नेहमीच्या मावशींकडून सकाळी उतरलेली सफेद कोलंबी घेतली आणि एकसारख्या बारा बाजूला काढल्या. चार तशाच बर्फात ठेवल्या. चार एकदा गोठवून सोडवल्या. उरलेल्या चार घरच्या फ्रीजरमध्ये तीनदा गोठवल्या आणि तीनदा ओट्यावर सोडवल्या. आई म्हणाली, "खायच्या सोडून खेळत बस."

एकदाच गोठवलेल्या चार ताज्यांपेक्षा किंचित नरम होत्या, बाकी ठीक. तिसऱ्या वाटीकडे बघून मात्र मला आखाडातला रविवारच दिसला. वाटीच्या तळाशी गढूळ, गुलाबीसर पाणी. सुरुवातीला चार मिळून शंभर ग्रॅमच्या आसपास होत्या, त्यातले दहा-बारा ग्रॅम त्या पाण्यात उतरले होते. घरच्या फ्रीजरमध्ये गोठण हळू होतं, त्यामुळे बर्फाचे खडे मोठे होतात आणि मांसाच्या पेशी फाडतात. दरवेळी सोडवलं की त्या फाटक्या पेशींतून रस गळतो. आपण कढईत "पाणी सुटलं" म्हणतो ते हेच.

बाजारात वाटीतलं पाणी दिसत नाही, म्हणून अंग बघायचं. ताजी कोलंबी मधोमध दोन बोटांत आडवी धरली की अंग आपला बाक धरून राहतं. तिसऱ्या वाटीतलीचं डोकं खाली लोंबलं, आणि डोकं व पहिला कप्पा यांच्यामध्ये फट दिसायला लागली. कोलंबीचे पाचक रस डोक्यात असतात. ती मेल्यावर ते आपल्याच मांसाला पचवू लागतात, म्हणून नासधूस मानेपासून सुरू होते. डोकं ओढल्याशिवाय हातात येत असेल तर ढीग सोडून पुढे जावं. कवच सोलून बघता आलं तर उत्तमच. ताज्या मांसाला कवच चिकटून असतं आणि मांस काचेसारखं, थोडं आरपार दिसतं. पुन्हा पुन्हा गोठलेलीचं कवच सैल मोज्यासारखं निघतं आणि आत मांस दुधी, पांढरट असतं.

काळ्या डागांबद्दल माझा मोठा गैरसमज होता. डोक्यावर, शेपटीवर काळं दिसलं की शिळी, नाहीतर ताजी, असा माझा हिशेब. आखाडातल्या कोलंबीवर एकही डाग नव्हता, त्यालाच मी भुलले. कापलेलं सफरचंद काळं पडतं तशीच कोलंबी हवेने काळवंडते, आणि तेवढ्याने ती विषारी होत नाही. पण काळं पडू नये म्हणून माल सल्फाइटच्या पाण्यात बुडवतात. त्यामुळे डाग असेल तर सावध व्हावं, पण डाग नाही म्हणून निर्धास्त होऊ नये. दम्याच्या काही लोकांना हे सल्फाइट सोसत नाही, हेही लक्षात असू द्या.

वासाचं राहिलंच. बर्फातल्या थंडगार कोलंबीला वास फारसा येत नाही, आणि विकणाऱ्याला ते माहीत असतं. एक तळहातात धरून अर्धा मिनिट ऊब द्यायची, मग डोक्याखाली हुंगायचं. समुद्राचा वास आला तर ठीक. नाकात झणझणलं, मुतारीची आठवण झाली, तर हात धुऊन निघायचं. "हात लावू नका" म्हणणाऱ्याकडून मी आता घेत नाही. मावशींनी तर स्वतःच डोकं मोडून दाखवलं होतं.

तिसऱ्यांना, म्हणजे शिंपल्यांना, हे काही लागू नाही. त्या जिवंतच घ्यायच्या. उघडी दिसली तर टिचकी मारायची, मिटली तर जिवंत, तोंड वासूनच राहिली तर टाकायची. मिटलेल्यांत चिखल भरलेली मेलेली शिंपलीही असते. तिला ओळखायला मावशी दोन तिसऱ्या एकमेकींवर आपटून ऐकतात. भरीव टणक आवाज आला तर आत जीव, बद्द आवाज आला तर चिखल. मला अजून दहातली एखादी चुकतेच, आणि एवढ्या एकीने सगळं कालवण रेतीचं होतं. घरी आणल्यावर मिठाच्या पाण्यात ठेवा. गोड पाण्यात मरतात. शिजूनही न उघडलेली टाकून द्या, जीव हळहळला तरी.

यंदा जुलैत त्याच दादांकडे गेले आणि सरळ म्हटलं, "वितळवलेली नको, बंद ठोकळा असेल तर द्या." तो जरा चपापला, मग आतून दोन किलोचा, कडक, आत बर्फाचा चुरा नसलेला ठोकळा आणला. पाकिटात सुटा चुरा खुळखुळत असेल तर तो माल बहुधा वाटेत एकदा सुटलेला असतो. भावही बाहेरच्या "ताज्या"पेक्षा कमी. करवतीच्या सुरीने निम्मा तोडून घेतला, उरलेला न सोडवता फ्रीजरमध्ये. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, चाळणीखाली भांडं ठेवून. गरम पाण्यात घालून घाई करायची नाही, मी एकदा केली होती. दुसऱ्या दिवशी भांड्यात जेमतेम चार चमचे पाणी होतं, आणि नवरा मसाल्याबद्दल काही बोलला नाही.