आमची वाटचाल : माती परीक्षणापासून अन्नद्रव्यांच्या खतावणीपर्यंत

सांगली जिल्ह्याच्या वाळवा तालुक्यात २००८ साली आम्ही माती आणि पाणी परीक्षणाची छोटी प्रयोगशाळा सुरू केली, तेव्हा आमच्याकडे एक फ्लेम फोटोमीटर, एक स्पेक्ट्रोफोटोमीटर आणि दोन माणसे एवढेच भांडवल होते. नमुना घ्यायचा, नत्र, स्फुरद, पालाश, सामू आणि सेंद्रिय कर्ब तपासायचा आणि श्रेणी लिहून कागद द्यायचा, हे काम आम्ही बरीच वर्षे प्रामाणिकपणे केले. आज आमच्या उत्पन्नाचा मोठा भाग शेताच्या अन्नद्रव्यांची खतावणी, म्हणजे शेतात काय आले आणि शेतातून काय गेले याचा जमाखर्च, मांडण्यातून येतो. हा बदल एका शेतकऱ्याच्या प्रश्नामुळे झाला आणि त्या प्रश्नाचे उत्तर देताना आमचीच एक मोठी चूक आमच्यासमोर आली.

हे शेतकरी आमचे पहिल्या वर्षांपासूनचे ग्राहक. त्यांना आम्ही आबा म्हणतो. त्यांच्या काळ्या जमिनीचा एक एकराचा तुकडा आम्ही २००९ साली लागणीपूर्वी तपासला होता आणि पालाशपुढे ‘अत्यंत भरपूर’ असे लिहिले होते. पुढच्या प्रत्येक तपासणीत तीच श्रेणी आली आणि ती पाहून ‘पालाशाची वेगळी गरज नाही’ असे आम्ही दर वेळी सांगितले. २०२१ मध्ये ते सगळे कागद एका पिशवीत घालून आले आणि म्हणाले, “तुमच्या रिपोर्टात पालाश भरपूर आहे, मग लागणीचा ऊस चोपन्न टनांवरून सेहेचाळीसवर का आला? आणि जुन्या पानांच्या कडा का करपतात?” जुन्या पानांच्या कडा टोकाकडून सुकत येणे आणि पानाच्या मध्यशिरेचा वरचा भाग लालसर होणे ही उसातल्या पालाश कमतरतेची लक्षणे आहेत, हे आम्हाला माहीत होते. मात्र आमच्याच कागदावर त्याच्या उलट लिहिलेले होते.

त्या आठवड्यात आम्ही तपासण्या बाजूला ठेवून हिशेब मांडायचे ठरवले. आबांच्या पिकांचा फेरा ठरलेला होता : ऑक्टोबरमध्ये पूर्वहंगामी लागण, पंधरा महिन्यांनी तोड, मग एक खोडवा, तो निघाल्यावर खरिपात सोयाबीन आणि पुन्हा लागण. एक फेरा तीन वर्षांचा, म्हणजे २००९ ते २०२१ या बारा वर्षांत चार लागणी, चार खोडवे आणि चार वेळा सोयाबीन. कारखान्याच्या वजनाच्या पावत्या त्यांनी जपून ठेवल्या होत्या आणि त्यामुळेच हा हिशेब शक्य झाला. लागणीचा सरासरी ५० टन आणि खोडव्याचा ३८ टन, असा बारा वर्षांत त्या एकरातून ३५२ टन ऊस बाहेर गेला होता.

बाहेर गेलेल्या पालाशाचा आकडा काढताना पुस्तकी दरांवर विसंबून चालत नाही, हे लगेच लक्षात आले. एक टन उसामागे कुठे दीड किलोच्या आतला, तर कुठे तीन किलोंहून अधिक पालाश गेल्याचे लिहिलेले असते. काही आकडे फक्त कारखान्यात जाणाऱ्या कांड्यांचे असतात आणि काही वाढे व पाचट धरून संपूर्ण पिकाचे असतात, हे या फरकाचे मोठे कारण. शेतातून काय उचलले गेले हाच आपला प्रश्न असल्यामुळे आम्ही आबांच्याच उसाच्या कांड्या आणि वाढे वेगवेगळे तपासले. कांड्यांत टनाला १.३ किलो पालाश आढळला, म्हणजे एकूण ४५८ किलो. वाढ्यांचे वजन उसाच्या बारा टक्क्यांच्या आसपास भरते, पण हिरव्या वाढ्याच्या प्रत्येक टनात पाच किलो पालाश असतो. निम्मे वाढे ऊसतोड मजुरांच्या बैलांना आणि विक्रीला जात असल्याने त्यातून आणखी १०५ किलो गेला. सोयाबीनच्या दाण्यातून आणि विकलेल्या भुसकटातून सुमारे १३० किलो गेला. आबांनी काही वर्षे पाचट जाळले होते, पण जाळल्याने नत्र आणि गंधक उडून जातात, तर पालाशाचा बहुतेक भाग राखेत शेतातच राहतो. म्हणून तो आम्ही बाहेरच्या रकान्यात धरला नाही. निचऱ्याने आणि धुपीने होणारी घट चिकण काळ्या मातीत कमी असते. ती आम्ही वर्षाला तीन किलो धरली आणि हा आकडा अंदाजाचा आहे असे शेजारी स्पष्ट लिहिले. सारे मिळून ७२९ किलो झाले.

आत आलेल्या पालाशाची बाजू सोपी वाटते, पण खरी फसगत तिथेच होते. आबा लागणीला १०:२६:२६ ची तीन पोती आणि खोडव्याला एक पोते टाकत. पन्नास किलोच्या पोत्यात १३ किलो पालाश, म्हणजे एका फेऱ्यात ५२ आणि चार फेऱ्यांत २०८ किलो. शेणखत पहिल्या दोन लागणींनाच पडले होते, प्रत्येकी पाच टन. त्याचे सुमारे ५० किलो धरले. तिसरी बाब पाण्याची आहे आणि ती बहुतेक जण विसरतात. त्यांच्या विहिरीच्या पाण्यात लिटरला दोन मिलिग्रॅम पोटॅशियम होते, जे ऐकायला नगण्य वाटते. पण पाटपाण्याने एका उसाला दीड मीटर पाणी दिले की एकरात सहा हजार घनमीटर पाणी जाते आणि त्याबरोबर चौदा-पंधरा किलो पालाश येतो. आठ उसांचे मिळून ११५ किलो झाले, म्हणजे शेणखताच्या दुपटीहून अधिक. आवक ३७३ किलो आणि जावक ७२९ किलो, अशी बारा वर्षांत ३५६ किलोंची, म्हणजे वर्षाला सुमारे तीस किलोंची तूट निघाली.

हा आकडा पहिल्याच मांडणीत बरोबर आला नव्हता. प्रयोगशाळेत पीक आणि पाणी तपासताना आपण पोटॅशियम हे मूलद्रव्य मोजतो, तर पोत्यावरचा पालाशाचा आकडा त्याच्या ऑक्साइडच्या रूपात असतो. मूलद्रव्याला १.२ ने गुणल्याशिवाय दोन्ही बाजू एका मापात येत नाहीत. आमच्या पहिल्या मांडणीत हा गुणाकार राहून गेला होता आणि तूट अडीचशेच्या आसपास दिसत होती. स्फुरदाला हाच गुणक २.२९ आहे, त्यामुळे तिथे चूक झाली तर हिशेब पूर्णपणे उलटू शकतो. तेव्हापासून आमच्या प्रत्येक तक्त्यात रकान्याच्या माथ्यावर माप लिहिलेले असते आणि दुसऱ्या माणसाने ते पाहून सही केल्याशिवाय कागद बाहेर जात नाही.

आता मूळ प्रश्न उरला : एवढी तूट असताना माती परीक्षणात ती का दिसली नाही? एकराच्या वरच्या पंधरा सेंटिमीटर मातीचे वजन साधारण नऊ लाख किलो धरतात. ३५६ किलो पालाश म्हणजे २९५ किलो पोटॅशियम, आणि ते फक्त या थरातल्या उपलब्ध साठ्यातून गेले असते तर चाचणीचा आकडा किलोमागे सव्वातीनशे मिलिग्रॅमने खाली यायला हवा होता. २००९ मध्ये तो आकडा मुळात २९० होता, म्हणजे तेवढे त्या साठ्यात नव्हतेच. २०२१ मध्ये तो २३५ आला. घट फक्त ५५ मिलिग्रॅमची, आणि त्या घटीतून जेमतेम साठ किलो पालाशाचाच हिशेब लागतो.

उरलेला पालाश कुठून आला, हे काळ्या मातीच्या घडणीतून समजते. अमोनियम ॲसिटेटची चाचणी मातीच्या कणांच्या पृष्ठभागावर सैल धरलेला पालाश मोजते. पीक तो उचलते तसा चिकणमातीच्या थरांमध्ये अडकलेला पालाश हळूहळू सुटून ती जागा भरतो. म्हणून चाचणीचा आकडा वर्षानुवर्षे फारसा हलत नाही आणि त्यामागचा साठा मात्र रिकामा होत जातो. हे तपासण्यासाठी आम्ही त्याच मातीच्या, कधीही न नांगरलेल्या बांधावरचा नमुना घेतला आणि दोन्ही नमुने नायट्रिक आम्लात उकळले. त्यातून सैल पालाश वजा केल्यावर बांधावर किलोमागे ६४० मिलिग्रॅम आणि शेतात ४७० मिलिग्रॅम उरले. हा १७० चा फरक एकरी सुमारे १८५ किलो पालाशाइतका होतो. बाकीचा पिकाच्या मुळांनी खालच्या थरांतून उचललेला असावा. अर्थात, बांधाशी केलेल्या तुलनेत २००९ च्या आधीची पिकेही मोजली जातात, त्यामुळे हा फरक केवळ त्या बारा वर्षांचा आहे असे म्हणता येत नाही. हिशेबाची दिशा त्यातून पक्की होते, आकड्यांचा तंतोतंत मेळ बसत नाही.

अडकलेला पालाश सुटण्याचा वेग मर्यादित असतो, तर उसाची मागणी मोठ्या वाढीच्या चार-पाच महिन्यांत एकवटलेली असते. साठा जितका उतरतो तितका हा वेग मंदावतो. आबांच्या उसाच्या करपलेल्या कडा ‘अत्यंत भरपूर’ श्रेणीतही का दिसल्या, याचे आमच्या मते हेच उत्तर आहे. आमची तपासणी चुकलेली नव्हती. त्या एका आकड्यावरून बारा वर्षे आम्ही दिलेला सल्ला चुकला होता. हे आम्ही आबांना तसेच सांगितले आणि त्या वर्षापासून आमच्या अहवालात श्रेणीशेजारी शिल्लक-तुटीचा रकाना आला.

स्फुरदाचा हिशेब याच्या नेमका उलट निघाला. डीएपी आणि १०:२६:२६ मिळून एका फेऱ्यात १४४ किलो स्फुरद पडत होते, तर बारा वर्षांत पडलेल्या एकूण स्फुरदाच्या निम्म्याहून कमी पिकांबरोबर गेले होते. चुनखडीच्या मातीत त्यातले बरेचसे अडकून पडते हे खरे, पण दर वर्षी नव्याने ओतत राहावे अशी ती स्थिती नव्हती. नत्राचा रकाना मात्र आम्ही आजही ‘अंदाज’ या शिक्क्याशिवाय देत नाही. युरियातून हवेत उडणारे आणि पाण्याबरोबर खाली जाणारे नत्र शेतात मोजण्याची सोय आमच्याकडे नाही. ज्या हिशेबात सर्वांत मोठी नोंदच अंदाजाची आहे, त्याची बेरीज अचूक म्हणून विकणे आम्हाला मान्य नाही.

धंदा म्हणून हे काम उभे करणे कठीण गेले. मातीचा नमुना आणून देणे सोपे असते. दहा वर्षांच्या पावत्या, खतांची बिले आणि शेणखताच्या ट्रॉल्यांचा हिशेब मागितला की लोक माघारी जातात. गाईम्हशी असलेल्या शेतकऱ्यांकडे आणखी एक गुंता होतो : शेतातले वाढे जनावरांना घातले आणि शेण त्याच शेतात परतले, तर ते शेणखत बाहेरून आलेले नसते. सुरुवातीला आम्ही ते आवक म्हणून धरले आणि वाढे जावक म्हणून धरायला विसरलो, त्यामुळे दोन-तीन शेते कागदावर विनाकारण श्रीमंत दिसली. आता हिशेबाची हद्द आधी ठरवतो : एक तुकडा की सगळी शेती आणि गोठा मिळून. मगच पहिली नोंद करतो.

आबांच्या शेतात २०२१ च्या लागणीपासून डीएपी निम्म्यावर आणले, वर्षाला म्युरेट ऑफ पोटॅशचे एक पोते वाढवले आणि वाढ्यांची विक्री बंद केली. एका पोत्यात तीस किलो पालाश असतो, म्हणजे जुनी वार्षिक तूट तेवढ्यानेच भरते आणि न विकलेले वाढे हिशेबाला थोडे पुढे नेतात. २०२४ च्या तपासणीत सैल पालाशाचा आकडा २४१ आला. सहा मिलिग्रॅमची ही वाढ नमुना घेण्यातल्या फरकाएवढीच आहे, म्हणून आम्ही तिला सुधारणा म्हटले नाही. पुढचा नमुना २०२७ मध्ये, याच महिन्यात, याच सहा खुणांच्या जागी घ्यायचा, असे त्यांच्या वहीत लिहून ठेवले आहे.