उपाशीपोटी साखर ९१, एचबीए१सी ६.६

ऑफिसच्या वार्षिक तपासणीचा रिपोर्ट मोबाइलवर आला. उपाशीपोटीची साखर ९१, म्हणजे उत्तम. त्याखालच्याच ओळीत तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीए१सी ६.६, लाल अक्षरांत. ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात, एवढं मला माहीत होतं. घरात लगेच दोन पक्ष पडले. सासूबाई म्हणाल्या, "सकाळची साखर चांगली आहे ना, मग कसला डायबिटीस?" नवरा म्हणाला, "तीन महिन्यांची साखरच खरी, गोळी सुरू कर."

नौपाड्यातल्या आमच्या डॉक्टरबाईंनी दोघांचंही ऐकलं नाही. साखरेचं पान बाजूला ठेवून त्यांनी सीबीसीचं पान उघडलं. हिमोग्लोबिन ९.२, लाल पेशी आकाराने लहान. "पाळीत अंगावरून किती जातं?" हा त्यांचा पहिला प्रश्न. खूप जातं, गर्भाशयात गाठी आहेत, असं सांगितल्यावर त्यांनी फेरिटिन करायला लावलं. ते आलं ६. शरीरातला लोहाचा साठा जवळजवळ संपलेला.

मग त्यांनी समजावलं ते असं. एचबीए१सी रक्तातली साखर मोजत नाही, लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला किती साखर चिकटली आहे ते मोजते. पेशी साधारण १२० दिवस जगते. लोह कमी असलं की नव्या पेशी कमी तयार होतात, रक्तात जुन्यांचं प्रमाण वाढतं आणि जुन्या पेशीला साखर चिकटायला जास्त दिवस मिळालेले असतात. त्यामुळे साखर तेवढीच असूनही आकडा वर जातो. "पण म्हणून तुम्हाला काहीच नाही असंही मी म्हणणार नाही," त्या म्हणाल्या. कारण दुसरी शक्यता उरतेच: सकाळी साखर ठीक, पण जेवणानंतर उसळते. उपाशीपोटीच्या तपासणीत ती दिसतच नाही.

हे दोन वेगळे कसे करायचे? आधी घरी ग्लुकोमीटर. जेवायला सुरुवात केल्यापासून एका तासाने आणि दोन तासांनी बोट टोचायचं आणि काय खाल्लं तेही लिहायचं. पोहे आणि साखरेचा चहा घेतला त्या दिवशी तासाने १७१, दोन तासांनी १३६. ज्वारीची भाकरी, मेथीची भाजी, आमटी घेतली की १३० च्या आतच. ६.६ चा अर्थ सरासरी साखर सुमारे १४३. माझ्या वहीतल्या नोंदींची सरासरी, जेवणानंतरच्या धरूनही, त्याच्या बरीच खाली होती. मीटरमध्ये थोडा फरक असतो हे मान्य, पण इतका नाही.

तरी मीटरवर निदान करत नाहीत, म्हणून ७५ ग्रॅम ग्लुकोजची चाचणी. आधीचे तीन दिवस भात-पोळी नेहमीसारखी खायची, कमी करायची नाही, ही सूचना मला नवीन होती. उपाशीपोटी रक्त दिलं, मग पेलाभर पाण्यात कालवलेलं ते ग्लुकोज पाच मिनिटांत संपवायचं. अतिगोड, नुसता मळमळाट. पुढचे दोन तास बाकावर बसून राहायचं, तलावपाळीला चक्कर मारून येते म्हटलं तर लॅबवाले नाही म्हणाले. चालल्याने साखर उतरते. उपाशीपोटीची ९४, दोन तासांनंतरची १४८.

म्हणजे सासूबाईही जिंकल्या नाहीत आणि नवराही. १४० ते १९९ म्हणजे मधुमेहाच्या अलीकडची पायरी. २०० ला मधुमेह. ६.६ फुगलेला होता, पण निव्वळ खोटा नव्हता.

गोळी साखरेची नाही, लोहाची सुरू झाली. चहा तिच्या आसपास बंद. गाठींसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे वेगळे उपचार. एचबीए१सी लगेच परत करू नका, असं डॉक्टरबाईंनी बजावलं होतं: लोह मिळाल्यावर नव्या कोवळ्या पेशींची भर पडते आणि काही काळ आकडा उलट खोटा खाली दिसू शकतो. हिमोग्लोबिन १२.४ वर टिकल्यानंतर केली, तेव्हा ५.९ आली. ती १४८ शी जुळते. आता रात्रीच्या जेवणानंतर चालणं, पोहे कमी आणि त्यात मटार-शेंगदाणे जास्त, वर्षाने पुन्हा तपासणी.

नेरूळच्या भावोजींचं नेमकं उलट आहे. त्यांची उपाशीपोटीची साखर १५० च्या घरात आणि एचबीए१सी ५.६. त्यांचं डायलिसिस चालतं, रक्त वाढवायची इंजेक्शनं असतात. तिथे पेशी लवकर मरतात आणि नव्या भराभर येतात, साखर चिकटायला वेळच मिळत नाही. ५.६ बघून जाऊबाईंनी पेढे आणले होते. त्यांचे डॉक्टर तो आकडा बघतच नाहीत; इन्सुलिनचा डोस मीटरच्या वहीवरून ठरतो, आणि वही रिकामी दिसली की जाऊबाईंना ऐकून घ्यावं लागतं.