नव्वदचा बॉक्स

सांगली जिल्ह्यातल्या एका मुलींच्या व्हॉलीबॉल संघाच्या सराव शिबिरात मला बोलावलं होतं ते एका दुखण्यासाठी. मुख्य अटॅकरच्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखत होतं. कुठे, असं विचारलं की ती बोटाने नेमकी एकच जागा दाखवायची. उडीला आणि पायऱ्या उतरताना दुखायचं, अंग गरम झालं की थोडं कमी व्हायचं. वाटीखालचं टेंडन कुरकुरायला लागल्याची ही ओळखीची लक्षणं. डेप्थ जंप, म्हणजे उंचावरून खाली सुटून पाय टेकताच पुन्हा वर उडी, किती करून घेता, असं मी विचारलं.

"पण सर, आमच्याकडे डेप्थ जंप नाहीतच. पोरी नुसत्या बॉक्स जंप मारतात," त्यांचे कोच म्हणाले.

म्हटलं, दुसऱ्या कुणाकडून तरी करून घ्या, बघू या.

लाकडी बॉक्स 90 सेंटिमीटर उंचीचा. सेटर मुलगी पुढे आली, थोडी बसली, हात झोकले आणि वर जाऊन उभी राहिली. सुरेख उडी. मग तिने जे केलं त्यातच उत्तर होतं. बॉक्सवरून तिने मागच्या मागे खाली उडी घेतली आणि पाय टेकतात न टेकतात तोच पुन्हा वर. सेट संपेपर्यंत असंच चालू. म्हणजे वर जाताना बॉक्स जंप आणि येताना 90 सेंटिमीटरवरून डेप्थ जंप, तीही उलट्या तोंडाने.

बॉक्स जंपमध्ये मांडी आणि नितंबाचे स्नायू आखडून शरीर वर फेकतात, काम तिथेच संपतं. उडीच्या टोकाजवळच बॉक्स पायाखाली येत असल्यामुळे पडणं जेमतेम, दणका कमी. इथे बॉक्सची उंची फार काही सांगत नाही. त्या मुलीला भिंतीशी उभं करून खडूने उभी पोच आणि उडीची पोच मोजली. फरक 44 सेंटिमीटर. मग ती नव्वदवर पोचली कशी? गुडघे छातीशी ओढून. बॉक्स उंच केला तर उडी वाढत नाही, पाय जास्त दुमडावे लागतात आणि चुकलं तर नडगी बॉक्सच्या कडेवर सोलून निघते.

डेप्थ जंपमध्ये सगळं उलटं. पाय टेकायच्या आधीच पोटरी आणि मांडीचे स्नायू ताठ झालेले असतात. टेकल्यावर ते पडण्याचा वेग रोखतात, टेंडन ताणलं जातं आणि तोच ताण लगेच वर ढकलतो. हे साधतं ते पाय जमिनीवर साधारण पाव सेकंदाहून कमी वेळ राहिले तरच. आणि इथे पडण्याची उंची हाच भार. 30 सेंटिमीटरवरून तुम्ही सेकंदाला सुमारे 2.4 मीटर वेगाने जमिनीवर येता, नव्वदवरून 4.2 मीटरने. रोखायची ऊर्जा सरळ तिप्पट.

कोच म्हणाले, "पण रशियन तर याहून वरून उडवायचे ना?" खरं आहे. सोव्हिएत प्रशिक्षक युरी वेर्खोशान्स्कींच्या लिखाणात 75 आणि 110 सेंटिमीटरचे आकडे आहेत, पण ते वर्षानुवर्षं वजनं मारलेल्या तयार खेळाडूंसाठी.

दुखणाऱ्या मुलीला उड्यांपासून बाजूला ठेवलं आणि सेटरवरच उंची तपासली. मोबाइल स्लो मोशनला, सेकंदाला 240 फ्रेम. सूचना एकच: बॉक्सवरून उडी मारायची नाही, खाली वाकून उंची चोरायची नाही, एक पाय पुढे टाकून नुसतं सुटायचं.

30 सेंटिमीटरला पाय जमिनीवर 46 फ्रेम, म्हणजे 0.19 सेकंद, हवेतल्या वेळेवरून उडी निघाली 31 सेंटिमीटर. 45 ला 50 फ्रेम आणि 33 सेंटिमीटर. 60 ला मात्र टाचा धप्पकन आपटल्या, गुडघे आत वळले, पाय 77 फ्रेम जमिनीवर आणि उडी 29 वर आली. पडणं वाढलं, उडी घटली. कोचनी तो व्हिडिओ तीनदा मागे घेऊन पाहिला; टाचेचा आवाज त्यांना आकड्यांपेक्षा जास्त पटला असावा. 75 लावायची गरजच उरली नाही.

तिच्यासाठी 45 चालत होतं, तरी सुरुवात 30 वर ठेवली: पाच उड्यांचे चार सेट, मध्ये दोन-तीन मिनिटं विश्रांती, आठवड्यातून दोनदा, तेही अंग ताजं असताना. दमलेल्या पायांनी टेकणं लांबतं आणि मग ती डेप्थ जंप राहत नाही, नुसती आदळआपट होते. पाय 60 फ्रेमच्या वर रेंगाळले की त्या दिवसापुरतं थांबायचं. बॉक्स जंप 50 सेंटिमीटरवर, आणि वर गेल्यावर एकेक पाय टाकत खाली उतरायचं.

अटॅकरला आधी भिंतीला पाठ टेकून बसण्याचे आणि हळू स्क्वॉटचे व्यायाम दिले. डेप्थ जंप तिच्या यादीत सगळ्यात शेवटी.

"आणि हा नव्वदचा?" कोचनी विचारलं. तो आडवा केला तर 50 चा होत होता. आडवाच ठेवायला सांगितलं.