लाल चौकोन

मागे एकदा दुपारी जेवून आडवा झालो तोच मोबाइल टुणकन वाजला. 'आत्या, मिरज.' मुकाट्याने फोन लावला. आत्या दोन सेकंद गप्प. मग म्हणाली, "काय रे, कालच बोललो की आपण. कुणाचं काही बरं-वाईट नाही ना?"

काल तिनेच फोन केला होता, लोणच्याच्या कैऱ्यांबद्दल. पण आठवणीचा गजर लावला होता दर दुसऱ्या रविवारचा, आणि गजराला कैऱ्यांशी काय देणंघेणं?

त्या दिवशी गजर काढून टाकले आणि कॉम्प्युटरवर तक्ता केला. नाव, किती दिवसांनी बोलायचं, शेवटचं कधी बोललो. शेवटच्या दोघांची बेरीज म्हणजे पुढची तारीख. ती उजाडली की चौकोन लाल. फोन कुणीही केला तरी मोजणी त्या दिवसापासून पुन्हा सुरू होते, त्यामुळे आत्याला सलग दोन दिवस धास्ती बसत नाही.

हे काही माझं डोकं नव्हे. आमच्या आजीकडे भिंतीला एक तार होती, खाली लाकडी चकती आणि वर आकडा. पत्राला उत्तर गेलं की ते पत्र तारेत ओवलं जाई. उत्तर द्यायचं राहिलेली पत्रं घड्याळामागे. घड्याळ भिंतीपासून सुटून पुढे झुकायला लागलं की आजी म्हणायची, "आज बसायला हवं." मग दुपारभर पाटावर आंतर्देशीय पत्रं, घडीच्या कडेला शेवटी उरलेल्या दोन बोटं जागेत उभं लिहिलेलं "बाकी ठीक". पुढे एसटीडी बूथ आले तेव्हा हिशेब दराचा झाला. रात्री अकरानंतर पाव दर, म्हणून मुंबईचा काका अकराला पाच मिनिटं असताना रांगेत उभा राहायचा. त्याचा आवाज आम्ही कधी दिवसा ऐकलाच नाही.

असो. तक्ता. चाळीस नावं निघाली. पाच जण पंधरा दिवसांचे, बारा महिन्याचे, चौदा तीन महिन्यांचे आणि नऊ सहा महिन्यांचे. सरासरी काढली तर रोज एक फोनसुद्धा होत नाही. वाटलं, एवढंच ना! एक जानेवारीला सगळ्यांसमोर तीच तारीख टाकली, आणि एकतीस जानेवारीला उघडून बघतो तर सतरा चौकोन एकदम लाल. महिन्याचे बारा आणि पंधरवड्याचे पाच. सहा फोन केले, सातव्याला घसा बसला, आणि आठव्या मामेभावाला मी सहाव्याच्या मुलीच्या बारावीबद्दल विचारलं.

उपाय सोपा होता, थोडा लबाडीचा. शेवटचं बोलल्याच्या तारखा खोट्या लिहायच्या. बारा जणांना दोन-अडीच दिवसांच्या अंतराने मागे सरकवलं, चौदा जणांना सहा-सात दिवसांच्या. त्यानंतर तक्ता माणसात आला.

मामेभावाच्या प्रकरणानंतर चौथा रकाना वाढवला, 'काय बोललो'. दोन-तीन शब्द पुरतात. 'गुडघा, ऑपरेशन दिवाळीनंतर.' फक्त फोन ठेवल्या ठेवल्या लिहायचं. रात्री लिहू म्हटलं की गुडघा भलत्याच माणसाला जातो. आणि उद्घाटनालाच तो प्रश्न विचारायचा नाही. आधी पाऊस, मग भाव, मग गुडघा. नाहीतर कागदावरून वाचल्यासारखं वाटतं, आणि ते खरंच असतं.

मोजायचं काय, यावर मात्र माझा माझ्याशीच वाद झाला. सकाळचं गुलाबाचं फूल आणि सुविचार मी संपर्क मानत नाही. वाढदिवसाला गटावर पडणारा केकही नाही. त्याने तारीख पुढे सरकवली की चौकोन पांढरा राहतो आणि माणूस वर्षभर ऐकू येत नाही. मिस्ड कॉलबद्दल अजून ठरलेलं नाही.

बायकोला तक्ता आवडत नाही. "माणसं आहेत की गॅसचे सिलिंडर?" म्हणाली. मग स्वतःच्या नणंदेसमोरचा आकडा बघून थोडा वेळ शांत बसली आणि म्हणाली, "नव्वद का? साठ कर."

एका कॉलेजच्या मित्राला सांगून टाकलं की तू माझ्या यादीत आहेस. आता फोन उचलला की तो 'हॅलो' म्हणत नाही. "लागला का माझा नंबर?" म्हणतो. मजेत म्हणतो. पण त्याचा स्वतःहून फोन त्यानंतर आलेला नाही. वाट बघत असेल तारखेची.

सगळ्यांत खाली एक नाव आहे. शाळेत सात वर्षं एका बाकावर. समोर एकशे ऐंशी दिवस लिहिलेत. शेवटच्या बोलण्याला काल चारशे बारा झाले. चौथ्या रकान्यात एकच शब्द आहे, 'पैसे'. ते त्याने मागितले होते की मी, ते लिहायला हवं होतं असं नाही. मला माहीत आहे.

फोन हातात घेतला होता. मग एकशे ऐंशी खोडून पाचशे लिहिले. लाल रंग गेला.