प्रतिकृती क्रमांक 4 : उभी केल्यावर हवा ओढण्याचे कारण सापडले

मेंदूतले रक्त हृदयाकडे नेणाऱ्या शिरांची ही नळ्यांची प्रतिकृती. गेल्या नोंदीत तिच्या वरच्या सॅजिटल सायनसमध्ये, म्हणजे माथ्यावरून मागे जाणाऱ्या मोठ्या रक्तमार्गात, शिरणाऱ्या बुडबुड्यांबद्दल लिहिले होते. त्या एका दोषापायी पुढचे तीन आठवडे गेले. प्रतिकृती आडवी ठेवली की रंगीत पाणी डोक्याच्या मागच्या टॉर्क्युलर या संगमातून ट्रान्सव्हर्स सायनस, तिथून सिग्मॉइड सायनस आणि कवटीच्या तळातल्या जुग्युलर फोरामेन या छिद्रातून खाली मानेत असे सुरळीत वाहत असे. ती उभी केली की मात्र माथ्यावरच्या नळीत मण्यांच्या माळेसारखे बुडबुडे सरकू लागत. आडव्या स्थितीत मेंदूपासून सायनसला येऊन मिळणाऱ्या एका ब्रिजिंग शिरेच्या सांध्यातून थेंबभर पाणी पाझरताना दिसले, म्हणून तो सांधा मी तीनदा नव्याने चिकटवला. पाझर थांबला, तरी बुडबुडे थांबले नाहीत.

माझी मावसबहीण शस्त्रक्रियागृहात परिचारिका आहे. ती पाहायला आली आणि म्हणाली, "दादा, रुग्णाला बसवून मेंदूची शस्त्रक्रिया करतात तेव्हा आम्हांला हीच भीती असते, सायनस उघडला तर रक्त बाहेर येण्याऐवजी हवा आत जाऊ शकते." तेव्हा उलगडा झाला. मेंदूवरच्या ड्यूरा या जाड आवरणाच्या दोन थरांमध्ये ताणून बसलेला सायनस दाब उणा झाला तरी मिटत नाही, आणि त्यात झडपाही नसतात. माझी चूक मात्र सायनसमध्ये नव्हती, मानेत होती. जुग्युलर शिरेसाठीही मी गवंडी वापरतात ती ताठ लेव्हल नळीच लावली होती.

फोरामेनपासून हृदयाच्या पातळीवरील भांड्यापर्यंत 30 सेंटिमीटर आणि फोरामेनपासून माथ्यापर्यंत 10 सेंटिमीटर असा पाण्याचा अखंड स्तंभ खाली ओढत होता. माथ्याजवळ जोडलेल्या पाण्याच्या दाबमापकावर उणे 36 सेंटिमीटर दिसले. एवढ्या ओढीपुढे नजरेला न दिसणारे छिद्रही हवा घेणारच. जिवंत माणसाची जुग्युलर शीर पातळ भिंतीची असते आणि उभे राहिल्यावर ती चपटी होते. म्हणून दोन्ही बाजूंना पेनरोज ड्रेन, म्हणजे शस्त्रक्रियेत वापरतात त्या मऊ, पातळ नळ्या, लावले. सियागंज बाजारात मिळालेली रबरी नळी यासाठी जाड ठरली. शस्त्रक्रियेच्या साहित्याच्या दुकानातलाच ड्रेन घ्यावा.

प्रतिकृती उभी करताच ड्रेन फितीसारखे चपटे झाले, फक्त कडेने पाण्याची बारीक वाट उरली. प्रवाह अडला असे वाटून पंप बंद करणार होतो, पण मोजपात्र लावले तर मिनिटाला 500 मिलिलिटर आत जात होते आणि तेवढेच बाहेर येत होते. दाबमापक उणे 8 वर थांबला होता, कारण चपट्या नळीतला दाब बाहेरच्या हवेइतकाच राहतो आणि ओढ फोरामेनच्या वरच्या 10 सेंटिमीटरपुरतीच उरते. माथ्यावरच्या नळीत त्या संध्याकाळी एकही बुडबुडा आला नाही, आणि मी कितीतरी वेळ तिथेच बसून राहिलो.

उजवा ट्रान्सव्हर्स रुंद करण्याचे काम आता मागे ठेवतो. उभ्या माणसात बरेचसे रक्त मणक्यांभोवतीच्या शिरांच्या जाळ्यातून उतरते, आणि ती वाट माझ्या प्रतिकृतीत नाहीच. इथे पंप ढकलतो म्हणून सगळे पाणी चपट्या जुग्युलरमधून निघते. सिग्मॉइडच्या खालच्या टोकाला मणक्यांभोवतीच्या त्या जाळ्याकडे जाणाऱ्या काँडायलर एमिसरी शिरेच्या जागी अरुंद, ताठ नळी जोडून तिचे पाणी वेगळ्या पात्रात घेईन. नळीला तोटी लावायचे ठरवले होते, पण हे लिहितानाच ती नको असे वाटते: आडवे असताना रुंद जुग्युलर आणि उभे असताना ही नळी, अशी वाटणी पाण्याने आपसूक केली पाहिजे.